चार्जरची पिन सैल झाली तर

चार्जर लावला की बॅटरीच्या चिन्हावर वीज चमकते आणि फोन खाली ठेवला की विझते. मग वायरला थोडा पीळ द्यायचा, पिनेखाली कागदाची घडी सारायची, फोन उशीला टेकवून एका ठरावीक कोनात ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना ‘हलवू नका’ म्हणून बजावायचे. यूएसबी-सी पोर्ट सैल झालेला फोन वापरणाऱ्यांच्या हा दिनक्रम अंगवळणी पडलेला असतो. या टप्प्यावर सल्ले दोन मिळतात. एक जण म्हणतो, जॅक बदलून घे. दुसरा म्हणतो, वायरलेस चार्जर घे आणि त्या पोर्टाचा नाद सोड. दोन्ही सल्ल्यांत खर्च आहे, आणि सल्ला देणाऱ्याने बहुधा पोर्टात डोकावून पाहिलेले नसते. सैलपणा नेमका कुठे आहे हे आधी शोधले, तर बऱ्याचदा दोन्हींपैकी कशाचीच गरज पडत नाही. पडलीच, तर दुरुस्ती की वायरलेस याचे उत्तर त्या शोधातच मिळून जाते.

त्यासाठी पोर्टाच्या आत काय असते ते एकदा पाहायला हवे. फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर लंबगोल खिडकीच्या मधोमध एक पातळ जीभ दिसते. तिच्या वरच्या आणि खालच्या अंगाला सोनेरी पट्ट्या असतात. पूर्ण यूएसबी-सी पोर्टात अशा २४ जागा ठरवून दिल्या आहेत. अनेक फोनमध्ये त्यातल्या गरजेपुरत्याच भरलेल्या असतात. एका पट्टीपासून दुसरीचे अंतर अर्धा मिलिमीटर असते. पिन आत गेली की तिच्यातल्या बारीक स्प्रिंगा या पट्ट्यांवर दाबून बसतात. शिवाय पिनेच्या आत दोन्ही बाजूंना एकेक कडी असते. ती जिभेच्या कडेला असलेल्या खाचेत अडकते, आणि पिन पूर्ण बसताना बोटांना जो ‘टक्’ जाणवतो तो तिचाच.

म्हणजे पिनेला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा आणि कड्या फोनमध्ये नसून वायरीत आहेत. २०१४ साली यूएसबी-सीचे मानक जाहीर झाले, त्यातली ही रचना हेतुपुरस्सर आहे. झिजायचेच असेल तर स्वस्त वस्तूने झिजावे, महाग वस्तूने टिकावे, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळे दीड-दोन वर्षांच्या वापराने पिन सैल बसू लागली, तर पहिला संशय वायरीवर घ्यायला हवा. प्रत्यक्षात तो फोनवर घेतला जातो, कारण वायर सगळीकडे तीच असते आणि तुलना करायला दुसरी हाताशी नसते.

मानकानुसार हा जोड १०,००० वेळा लावण्या-काढण्याला टिकायला हवा. दिवसातून चार वेळा चार्जर लावला तरी या आकड्याला पोहोचायला जवळजवळ सात वर्षे लागतील. तेव्हा नुसत्या लावण्या-काढण्याने चांगल्या प्रतीचे पोर्ट दोन वर्षांत झिजत नाही. ते बिघडते ते मुख्यतः तीन गोष्टींनी: आत साठलेला कचरा, आडवा जोर आणि ओल.

कचरा सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात कमी ओळखला जातो. खिशातल्या कापडाचे तंतू, पर्समधली धूळ, गिरणीतले किंवा स्वयंपाकघरातले पीठ थोडे थोडे पोर्टात जाते. दर वेळी चार्जर लावताना पिन तो भुगा, उखळात मुसळाने कांडावे तसा, पोर्टाच्या तळाशी ठासत जाते. काही महिन्यांत तिथे नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. पिनेचा धातूचा भाग साडेसहा मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. तळाशी एक मिलिमीटरचा थर बसला तरी कडी खाचेपर्यंत पोहोचत नाही, आणि मग पिन लुळी पडते. पोर्ट शाबूत, वायर शाबूत, तरीही पकड नाही.

आडव्या जोराचे गणित वेगळे आहे. पिन पोर्टात जेवढी जाते, त्याच्या तीन-चार पट लांबीचा टणक भाग बाहेर राहतो. अंथरुणात पडून फोन पाहताना आपण तो छातीवर टेकवतो तेव्हा सगळा भार त्या बाहेरच्या भागावर येतो आणि तरफेने वाढून आतल्या जिभेवर पडतो. दुचाकीवर किंवा रिक्षात स्टँडला लावलेला फोन दिवसभर चार्जिंगवर असेल, तर हीच तरफ प्रत्येक खड्ड्याला हलते. खिशात पॉवर बँक आणि फोन एकत्र कोंबून चालणाऱ्यांचेही तेच. यातून कधी जीभ वाकते, कधी पोर्टाचे धातूचे कवच फाकते, तर कधी पोर्ट ज्या पट्टीवर जोडलेले असते तिथले डाखकाम तडकते.

ओलीचा परिणाम सावकाश दिसतो, पण कोकणात आणि मुंबईत तो फार होतो. घामाचा किंवा पावसाचा थेंब पोर्टात असताना चार्जर लावला, की पट्ट्यांमधून वीज वाहते आणि खारट ओलीत सोन्याचा पातळ मुलामा उडून खालचे तांबे खाल्ले जाते. भिंगातून पाहिल्यास पट्टीवर हिरवट किंवा काळा ठिपका दिसतो. अलीकडचे बरेच फोन ओल ओळखतात आणि चार्जिंग नाकारतात. ती सूचना आली की वायर काढून फोन उघड्या हवेत वाळू द्यावा. फोन तांदळात पुरला तर ओल काही लवकर जात नाही, उलट तांदळाची पूड तेवढी पोर्टात जाते.

आता बिघाड कुठे आहे हे ओळखण्याबद्दल. थोडी हालचाल प्रत्येक यूएसबी-सी पोर्टात असतेच. खिडकीची उंची २.५६ मिलिमीटर आणि पिनेची २.४०, म्हणजे किंचित मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. नव्या फोनमध्येही पिन जराशी डुगडुगते. डुगडुगूनही चार्जिंग अखंड चालत असेल, तर तो बिघाड नाही.

तपासाची सुरुवात फोनचे कव्हर काढून करावी. जाड कव्हरच्या अरुंद भोकात वायरीचा प्लास्टिकचा भाग अडकतो आणि पिन अर्धा-एक मिलिमीटर बाहेरच राहते. असे असेल तर कव्हर काढताच ‘टक्’ होतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. तसे झाले नाही, तर नवी कोरी, चांगल्या प्रतीची वायर लावून पाहावी. शेजाऱ्यांची जुनी वायर यासाठी उपयोगी नाही, कारण तिच्या कड्याही झिजलेल्या असू शकतात. मानक सांगते की नवी पिन ओढून काढायला किमान ८ न्यूटन, म्हणजे साधारण ८०० ग्रॅम वजनाइतका जोर लागायला हवा, आणि १०,००० फेऱ्यांनंतरही ६०० ग्रॅमइतका. फोनचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे पोर्ट आणि वायर दोन्ही ठीक असतील, तर पिन धरून उचललेला फोन खाली पडणार नाही. ही परीक्षा गादीवर, चार बोटे उंचीवर, खाली हात धरून करावी. जुन्या वायरीने फोन निसटला आणि नव्या वायरीने लटकून राहिला, तर दोष वायरीचा. दोन्हींनी निसटला आणि पिन शेवटी मऊ काहीतरी दाबल्यासारखी थांबली, तर कचरा. दोन्ही वायरी पूर्ण आत जाऊनही निसटल्या, तर मात्र पोर्ट झिजले किंवा फाकले आहे.

पिन घट्ट बसते, पण चार्जिंग तुटत राहते, अशीही एक तऱ्हा आहे. तेव्हा पिन उलटी करून पाहावी. यूएसबी-सीची पिन कशीही लावता येत असली तरी फोनशी बोलणी करणारी तार वायरीत एकच असते. पिन सरळ असताना ती जिभेच्या एका अंगाच्या पट्टीला टेकते, उलटी केल्यावर दुसऱ्या अंगाच्या. फोन जोडलेला आहे हे या पट्टीवरून कळल्याशिवाय दोन्ही टोकांना सी पिन असलेल्या वायरीचा चार्जर वीज सोडतच नाही. म्हणून एका बाजूने चार्जिंग होते आणि उलट केल्यावर होत नाही, तर जिभेवरची ती एक पट्टी मळली, खाल्ली गेली किंवा तुटली आहे, असा अंदाज करता येतो. जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरने मात्र काही फोन तशाही अवस्थेत सावकाश चार्ज होतात, कारण तो चार्जर न विचारता वीज सोडतो. आणि पिनेला हात न लावता फोनच्या खालच्या काठावर हलकेच दाबल्याने चार्जिंग येत-जात असेल, तर बिघाड आत, डाखकामात किंवा पट्टीच्या जोडणीत आहे.

सफाई घरी करता येते, पण घाईने करू नये. फोन पूर्ण बंद करावा. जिभेची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर, म्हणजे तिच्या वर आणि खाली प्रत्येकी जेमतेम एक मिलिमीटरची फट राहते. अख्खी दातकोरणी त्यात मावत नाही. जोराने घातली, तर जीभ वाकते. लाकडी दातकोरणी ब्लेडने दोन्ही बाजूंनी तासून चपटी करावी, पोर्टाचे तोंड खाली धरावे आणि कवचाच्या भिंतीला लागून तळापर्यंत नेऊन भुगा बाहेर ओढावा. जिभेवर घासू नये. तिच्या बाजूच्या कोपऱ्यांत थर सगळ्यात घट्ट असतो, तिथे थोडा धीर धरावा लागतो. टाचणी, सिमकार्डची सुई किंवा सेफ्टी पिन मुळीच वापरू नये. धातूचे टोक मुलामा खरवडते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावरच्या दोन पट्ट्यांना एकाच वेळी टेकायला त्याला काहीच लागत नाही. पट्ट्यांवर चिकट मळ असेल, तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेला दातांच्या फटींचा बारीक ब्रश, ज्याच्या मधली तार प्लास्टिकने झाकलेली आहे असा, दोन-तीनदा फिरवावा आणि अर्धा तास वाळू द्यावा. हाताला लावायचे सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. तोंडाने फुंकरही मारू नये, तिच्याबरोबर थुंकीची ओल आत जाते.

आमच्या शेजारचे रिक्षावाले काका पुण्यात दिवसभर गाडी चालवतात. भाडी अॅपवरून येतात, त्यामुळे त्यांचा फोन हँडलजवळच्या स्टँडवर सकाळपासून रात्रीपर्यंत चार्जिंगला असतो. फोन अडीच वर्षांचा, मध्यम किमतीचा, पाठ प्लास्टिकची. पिन सारखी निसटते म्हणून त्यांनी ती चिकटपट्टीने बांधून ठेवली होती आणि मुलगा त्यांना वायरलेस चार्जर आणून देणार होता. पोर्टात पाहिले तर तळाशी तपकिरी थर होता. तो काढल्यावर पिन मिलिमीटरभर जास्त आत गेली. तरी जुन्या वायरीने फोन लटकेना. नव्या वायरीने लटकला. म्हणजे इथवर सैलपणाची दोन कारणे निघाली, कचरा आणि झिजलेली वायर, आणि दोन्ही जवळजवळ फुकटात दूर झाली. पण एक गोष्ट उरली. सी ते सी वायरीने चार्जिंग एकाच बाजूने होत होते. भिंगातून पाहिल्यावर जिभेच्या एका अंगाची एक पट्टी काळी पडून खड्डा पडलेली दिसली. पावसाळ्यात ओल्या फोनला चार्जर लावल्याची ती खूण असावी.

तेव्हा दुरुस्ती की वायरलेस हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. वायरलेस चार्जिंगसाठी फोनच्या पाठीमागे तारेचे वेटोळे असावे लागते. चार्जरच्या तबकडीतल्या वेटोळ्यात वीज सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलत राहते, त्यामुळे तयार होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र फोनमधल्या वेटोळ्यात पुन्हा वीज निर्माण करते. ‘ची’ नावाच्या मानकावर हे चालते. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये हे वेटोळे नसतेच. काकांच्या फोनमध्येही नव्हते. अशा फोनसाठी पाठीला चिकटवायची एक पातळ पट्टी बाजारात मिळते. तिच्यात वेटोळे असते आणि ती कव्हरखाली बसते. पण त्या पट्टीची पिन शेवटी फोनच्या यूएसबी-सी पोर्टातच लावायची असते. ज्या पोर्टाने दगा दिला म्हणून वायरलेसकडे जायचे, त्याच पोर्टातून वीज आत येणार. पट्टी सतत लावलेली राहते म्हणून पिनेची ओढाताण कमी होते हे खरे, पण खाल्ली गेलेली सोनेरी पट्टी त्याने भरून येत नाही.

समजा वेटोळे असते, तरी काकांचे काम भागले नसते. अशा चिकटपट्ट्या आणि साधे पॅड बहुधा पाच ते दहा वॅट देतात. नकाशा चालू, स्क्रीन उन्हात पूर्ण उजळलेली आणि नेटवर्क अखंड, अशा फोनला चालण्यासाठीच तीन वॅटच्या आसपास लागतात. पाच वॅटमधून तेवढे वजा जाता बॅटरीच्या वाट्याला दोन वॅट उरतात. ५,००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. दोन वॅटने ती भरायला नऊ-दहा तास लागतील. त्यातही खड्ड्यांनी फोन तबकडीवरून जरा सरकला की वेटोळी एकमेकांसमोर राहत नाहीत आणि मिळणारी वीज आणखी घटते. चुंबकाने जागेवर धरणारे ‘ची२’ मानक २०२३ मध्ये आले, त्यात ही अडचण बरीच कमी झाली, पण त्यासाठी फोनही तसाच हवा.

आणि उष्णता. वायरलेसमध्ये भिंतीतून घेतलेल्या विजेचा मोठा भाग वाटेत उष्णता होऊन जातो. सगळे जमून आले तरी एक चतुर्थांशाच्या आसपास जातोच, फोन तिरका ठेवला की त्याहून जास्त. विजेच्या बिलाला याने फरक पडत नाही. रोज पूर्ण बॅटरी वायरलेसने भरली, तरी वर्षाला दहा-बारा युनिटच्या आत काम होते. पण त्या उष्णतेचा काही भाग थेट बॅटरीला चिकटून असलेल्या वेटोळ्यात तयार होतो, आणि लिथियम-आयन बॅटरीला गरम अवस्थेत चार्ज होणे मानवत नाही. तिची साठवण लवकर घटते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, किंवा पुण्यातही काचेमागे उन्हात, फोन आधीच तापलेला असतो. मग तो स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. दिवसभर गाडीत चार्जिंग करणाऱ्यासाठी वायरलेस हा म्हणूनच चुकीचा इलाज आहे, असे माझे ठाम मत आहे.

काका तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन उघडण्याआधीच सांगितले, ‘काका, नुसता जॅक बदलला तर स्वस्तात होईल, पण गरम हवा मारताना शेजारचा माईक जाऊ शकतो. तुमच्या फोनची अख्खी चार्जिंग पट्टी मिळते, तीच टाकू.’ हा सल्ला योग्य होता. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगचे पोर्ट मुख्य बोर्डावर नसून खालच्या बाजूच्या छोट्या वेगळ्या बोर्डावर असते. दुकानात त्याला चार्जिंग पट्टी किंवा सब-बोर्ड म्हणतात. स्क्रू काढून, दोन-तीन जोडण्या सोडवून तो अख्खा बदलता येतो आणि डाख द्यावा लागत नाही. काकांना पट्टी आणि मजुरी मिळून ८५० रुपये पडले, म्हणजे बऱ्यापैकी वायरलेस पॅडच्या किमतीपेक्षा कमीच.

पण याच छोट्या बोर्डावर बहुधा कॉलचा माईक असतो, आणि अँटेनाची बारीक तारही त्याला जोडलेली असते. म्हणून दुरुस्तीनंतर चार्जिंग सुरू झाले एवढे पाहून दुकानातून निघू नये. तिथेच उभे राहून एक कॉल लावावा आणि पलीकडच्याला आवाज स्वच्छ येतो का ते विचारावे. नेटवर्कच्या रेघा पूर्वीइतक्या आहेत का ते पाहावे. पिन दोन्ही बाजूंनी लावून पाहावी. मग फोनबरोबर आलेला मूळ चार्जर लावून जलद चार्जिंगची खूण स्क्रीनवर येते का ते तपासावे, त्यासाठी तो घरून न्यावा लागतो. हलक्या नकली पट्ट्यांवर जलद चार्जिंगसाठी लागणारे भाग नसतात. त्या फोन चार्ज करतात, पण तासाभराचे काम तीन-चार तासांवर नेतात, आणि ग्राहकाला ते घरी गेल्यावर कळते. या सगळ्या तपासण्या स्वतःच्या हाताने होतात, त्यामुळे फोनचा पिन क्रमांक दुकानदाराला सांगण्याची गरज नाही. फोन देण्याआधी फोटो आणि संपर्क यांची प्रत काढून ठेवावी.

फोन उघडला की पाणी अडवणारी चिकट किनार तुटते. ती पुन्हा बसवली तरी कारखान्यातल्यासारखी होईल याची खात्री नसते. ज्या फोनला पाण्यापासून संरक्षण असल्याचे कंपनी सांगते, तो दुरुस्तीनंतर तसा नाही असे धरूनच वापरावा. हा दुरुस्तीचा खरा तोटा आहे, आणि महागड्या फोनच्या बाबतीत निवड इथेच फिरते. काचेची पाठ, आत वेटोळे आणि पोर्ट थेट मुख्य बोर्डावर जोडलेले, असा फोन असेल, तर दुरुस्तीत काच फुटण्याचा, बोर्डाला इजा होण्याचा आणि किनार जाण्याचा धोका असतो, आणि खर्चही काही हजारांत जातो. अशा फोनचा मालक रात्री घरी आणि दिवसा टेबलाशी असेल, तर त्याने वायरलेस पॅड घेऊन पुढची एक-दोन वर्षे काढणे शहाणपणाचे आहे. पॅड कमी वॅटचा निवडावा, कव्हर जाड असेल तर काढावे, फोन गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा.

मधला एक मार्ग म्हणून चुंबकाच्या टोप्या विकल्या जातात. छोटी टोपी पोर्टात कायम बसवायची आणि वायर चुंबकाने तिला चिकटते. आडवा जोर त्याने नक्की कमी होतो. पण हे यूएसबीच्या मानकात बसत नाही. त्या टोपीच्या उघड्या पट्ट्यांवर लोखंडाचा कीस चिकटून शॉर्ट होण्याचा धोका असतो, आणि जास्त वॅटच्या चार्जिंगला तो आणखी वाढतो. काकांसाठी साधा उपाय पुरला. काटकोनात वळलेल्या पिनेची वायर घेतली, म्हणजे बाहेरची तरफ आखूड झाली, आणि वायर पिनेपासून वीतभर अंतरावर स्टँडला बांधून टाकली. आता खड्ड्याचा हिसका स्टँडवर जातो, पोर्टावर येत नाही.

सैल पोर्टाने तसेच रेटत राहणे मात्र कोणीच करू नये. पट्टी आणि स्प्रिंग यांचा स्पर्श अपुरा झाला की तिथला अवरोध वाढतो. जलद चार्जिंगमध्ये वीजप्रवाह दुप्पट झाला, तर त्या जागी उष्णता चौपट होते. पिन काढल्यावर तिचे टोक चटका बसण्याइतके गरम लागले, प्लास्टिक पिवळे-तपकिरी झालेले दिसले किंवा जळका वास आला, तर त्या पोर्टाला पुन्हा चार्जर लावू नये. रात्री उशाशी तर नाहीच. पट्टी बदलेपर्यंत वेटोळे असेल तर वायरलेसवर काम चालवावे.

वायरलेसवर कायमचे जायचे ठरवले तर पोर्टाची बाकीची कामे सुटतात हेही धरून चालावे. वायरचे इअरफोन, पेन ड्राइव्ह, संगणकाला जोडून फोटो उतरवणे हे सगळे त्याच दारातून होते. सगळ्यात मोठी अडचण स्क्रीन फुटल्यावर येते. चालत्या पोर्टाचा फोन, त्यात तशी सोय असेल तर, टीव्हीला किंवा माऊसला जोडून उघडता येतो आणि आतले फोटो वाचवता येतात. पोर्ट मेलेले असेल, तर आधी तेच दुरुस्त करावे लागते. म्हणून पोर्ट बंद पडून केवळ पॅडवर चालणारा फोन ज्यांच्याकडे आहे, त्यांनी स्क्रीन धड आहे तोवर, आजच, वाय-फायवरून सगळ्या फोटोंची आणि संपर्कांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, आणि ती आपोआप निघत राहील अशी सोय फोनच्या सेटिंगमध्ये चालू करावी.